पिनयिनवर सुराच्या खुणा कशा द्यायच्या: mǎi आणि mài हातात बसेपर्यंत

चीनच्या झेजियांग प्रांतात इवू नावाचं शहर आहे. तिथला घाऊक बाजार मोठा आहे आणि आपल्याकडचे पुष्कळ व्यापारी तिथे माल बघायला जातात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सहा महिने चिनी शिकून झालं होतं. एका दुकानात केसांचे चाप हातात घेऊन मी म्हणाले, wǒ xiǎng mài zhège. मला म्हणायचं होतं, ‘मला हे विकत घ्यायचंय.’ दुकानदार बाईंनी माझ्या हातातल्या चापाकडे बघितलं, bú yào म्हणजे ‘नको’ म्हणाल्या आणि हिशेबाच्या वहीत परत डोकं घातलं. सोबत आलेल्या ओळखीच्या मुलीने समजावलं, ‘तू विकायला आलीस असं वाटलं त्यांना.’

घेणं म्हणजे mǎi, विकणं म्हणजे mài. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, दोन्ही शब्दांची अक्षरं तीच, फक्त a वरची खूण वेगळी. घरी येऊन मी माझी जुनी वर्कशीट काढली. mǎi वर मी खूण अगदी बरोबर दिली होती, पाच-सहा ठिकाणी, सुंदर अक्षरात. पण ती खूण मी वरच्या ओळीतून उतरवली होती, ऐकून दिली नव्हती. म्हणून ती कागदावरच राहिली.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना वर्कशीट सोडवताना खूण नेमकी कुठे द्यायची, कधी द्यायची नाही आणि ती देताना कान कसा चालू ठेवायचा, ते मी या लेखात सांगते. एक शब्द आधी ठरवून घेऊ. a, e, i, o, u, ü यांना मी ‘स्वर’ म्हणेन आणि आवाजाच्या चढउताराला ‘सूर’. मराठीत हे दोन शब्द इतके जवळचे आहेत की वर्गात आमचा त्यांवरून गोंधळ व्हायचा.

सोबत काय हवं

- चार रेघांची वही, म्हणजे शाळेत इंग्रजी गिरवायला असते तीच. चीनमधली मुलंही पिनयिन चार रेघा आणि तीन घरांच्या वहीतच गिरवतात. स्वर मधल्या घरात बसतो आणि खूण वरच्या घरात. सवय लागेपर्यंत एकरेघी वही वापरू नका, तिथे खूण वरच्या ओळीला चिकटते.
- टोक केलेली पेन्सिल आणि खोडरबर. बॉलपेनने सुरुवात केलीत तर आडवी रेघ आणि तिरकी रेघ यांतला फरक पुसट होतो.
- वर्कशीटमधल्या शब्दांचा आवाज. वर्गातलं रेकॉर्डिंग चालेल, शब्द उच्चारून दाखवणारा कोश चालेल. आवाज नसेल तर वर्कशीट त्या दिवशी बाजूला ठेवा.
- फोनमधला साधा रेकॉर्डर.

१. आधी चार सूर ओळखून घ्या

प्रमाण चिनी भाषेत सूर सोडून मोजले तर सुमारे ४०० सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे, आहेत. सूर धरले की ते सुमारे १३०० होतात. म्हणजे भाषेतला निम्म्याहून अधिक भेद सुरावर उभा आहे. आपण प आणि फ यांत जसा फरक मानतो तसाच त्यांच्या लेखी mǎi आणि mài मध्ये फरक असतो. ‘पळ’ला कोणी ‘फळ’ म्हणालं तर आपण ‘उच्चार जरा वेगळा झाला’ असं म्हणत नाही, तो वेगळाच शब्द ऐकू येतो.

मराठीतही आवाज चढतो-उतरतो. ‘हो?’ ‘हो.’ ‘होऽ!’ असं तीन प्रकारे म्हणून बघा. प्रश्न, होकार आणि वैताग असे तीन भाव निघतात, पण शब्द एकच राहतो. आपल्याकडे सूर वाक्याचा असतो, त्यांच्याकडे तो शब्दाचा असतो. बहुतेक चुका या एका फरकातून येतात.

आवाजाच्या पाच पायऱ्या कल्पा: सर्वांत खाली १, सर्वांत वर ५. भाषातज्ज्ञ चाओ युआनरेन यांनी ही पद्धत १९३० मध्ये मांडली आणि आजही तीच शिकवली जाते. पहिला सूर ५ वरून ५ वरच, सरळ. तानपुऱ्यावर वरचा सा धरून ठेवावा तसा. खूण आडवी रेघ: mā, आई. दुसरा ३ वरून ५ वर चढतो. आपण चकित होऊन ‘काय?’ म्हणतो तसा. खूण चढती: má, ताग. तिसरा खाली जातो. सुटा म्हटला तर २ वरून १ वर उतरून पुन्हा ४ पर्यंत वर येतो. खूण टोकदार दरीसारखी: mǎ, घोडा. चौथा ५ वरून थेट १ वर आपटतो. लहान मुलाला ‘गप!’ म्हणतो तसा. खूण उतरती: mà, शिव्या देणं.

खूण म्हणजे आवाजाचं छोटं चित्रच आहे. म्हणून ती काढताना आवाज जसा जातो तसाच हात न्या: दुसऱ्या सुराला खालून वर, चौथ्याला वरून खाली. घाईत दोन्ही तिरक्या रेघा एकाच दिशेने ओढल्या जातात आणि नंतर आपलीच आपल्याला वाचता येत नाहीत.

तिसऱ्या सुराबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तकातली ती दरी पूर्ण रूपात फार कमी वेळा ऐकू येते. वाक्याच्या मध्ये तिसरा सूर बहुतेक वेळा फक्त खाली जातो आणि खालीच राहतो. ऐकताना ‘खाली-वर’ शोधत बसलात तर तो सापडणार नाही. ‘सगळ्यांत खालचा, दबलेला आवाज कुठला?’ एवढंच शोधा.

२. ऐका आणि आधी आकडा लिहा

वर्कशीटवर लगेच खूण देऊ नका. शब्द ऐका आणि सिलॅबलच्या खाली १, २, ३, ४ यांपैकी एक आकडा पेन्सिलने लिहा. खूण नंतर. कारण दोन कामं वेगळी आहेत: सूर ओळखणं कानाचं काम आहे आणि खूण योग्य स्वरावर बसवणं नियमाचं. दोन्ही एकदम केलीत तर चूक नक्की कुठे झाली ते कळत नाही. आकडा चुकला तर कान चुकला. आकडा बरोबर आणि खूण चुकीच्या जागी असेल तर नियम चुकला. तपासताना दोन वेगळ्या रंगांनी खुणा करा. माझ्या पानांवर महिनाभर कानाच्या चुकाच जास्त होत्या आणि मी मात्र नियम पाठ करत बसले होते.

कान दोन आणि तीन यांत सर्वांत जास्त फसतो. दोघांचा शेवट चढा वाटतो. अशा वेळी शेवटाकडे लक्ष न देता सुरुवात ऐका. दुसरा सूर मध्यावर सुरू होऊन लगेच चढायला लागतो, तिसरा सुरुवातीलाच खाली बुडतो.

३. सिलॅबल तोडा

shuiguo असं सलग लिहिलेलं असतं तेव्हा आधी shui आणि guo असे तुकडे करा. एका सिलॅबलवर एकच खूण येते, त्यामुळे तुकडे किती हे कळल्याशिवाय खुणा किती हे कळत नाही. शिआन शहराचं नाव Xī'ān असं लिहितात. मधला तो वरचा स्वल्पविराम सांगतो की इथे दोन सिलॅबल आहेत. तो नसेल तर xiān हे एकच सिलॅबल होतं आणि त्याचा अर्थ ‘आधी’.

इथे आपल्या हाताची एक सवय आड येते. देवनागरीत अनुस्वार किंवा मात्रा पूर्ण अक्षराच्या डोक्यावर बसते, त्यामुळे आपला हात सिलॅबलच्या शेवटाकडे झुकतो. shān मधली खूण n वर दिलेली मी माझ्याच नव्हे, वर्गातल्या तिघांच्या वहीत पाहिली आहे. पिनयिनमध्ये खूण स्वरावरच येते, n किंवा ng वर नाही.

४. खूण कुठल्या स्वरावर?

सिलॅबलमध्ये एकच स्वर असेल तर प्रश्नच नाही. दोन-तीन असतील तेव्हा चिनी शाळांत मुलांना एक छोटं गाणं शिकवतात. त्याचा आशय असा: a दिसला तर सोडू नका, a नसेल तर o किंवा e शोधा, i आणि u जोडीने आले तर मागच्यावर द्या.

एवढ्यात सगळं बसतं. mai मध्ये a आहे, म्हणून mǎi. hao मध्ये a आणि o दोन्ही आहेत, पण a आधी, म्हणून hǎo. lou मध्ये a नाही, o आहे, म्हणून lóu, म्हणजे इमारत. xue मध्ये e आहे, म्हणून xué, शिकणं. o आणि e एकाच सिलॅबलमध्ये एकत्र येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात भांडण नाही.

अडचण येते ती iu आणि ui शी. jiu मध्ये मागचा u, म्हणून jiǔ, म्हणजे नऊ. dui मध्ये मागचा i, म्हणून duì, म्हणजे बरोबर. ‘एकदा u वर, एकदा i वर, असं का?’ हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. उत्तर असं की ही दोन्ही संक्षिप्त रूपं आहेत. iu हे मुळात iou आहे आणि ui हे uei. मधला o किंवा e लिहिताना गाळला जातो, पण उच्चारात त्याची सावली राहते. ज्याच्यावर खूण बसायची तो स्वरच लिहिलेला नसल्यामुळे ती त्याच्या मागच्या स्वरावर द्यायची असं ठरवलं गेलं. हे कळलं की jiǔ चा उच्चार ‘जिऊ’ इतका तोडलेला का नसतो, तेही लक्षात येतं.

५. i चा टिंब आणि ü चे दोन टिंब

i वर खूण आली की टिंब जातो: nǐ, shì. टिंब ठेवून त्याच्यावर पुन्हा खूण काढू नका, वरचं घर भरून जातं आणि तपासणाऱ्याला चौथा सूर आहे की तिसरा हे दिसत नाही.

ü चे टिंब मात्र राहतात आणि खूण त्यांच्या वर बसते: nǚ म्हणजे स्त्री, lǜ म्हणजे हिरवा. हे टिंब गाळले तर शब्द बदलतो. lù म्हणजे रस्ता. पण j, q, x आणि y नंतर ü आला की टिंब लिहीत नाहीत, कारण तिथे साधा u येतच नाही आणि गोंधळ होण्याची शक्यता उरत नाही. म्हणून qù (जाणं) हे qu असंच लिहायचं आणि उच्चार मात्र ü चा करायचा: ओठ ‘ऊ’ला करतो तसे गोल, आणि जीभ ‘ई’च्या जागी.

६. टोकदार की गोल?

हा मुद्दा खास आपल्यासाठी. तिसऱ्या सुराची खूण टोकदार असते: ǎ. मराठी हात मात्र बॅट, कॅप लिहून लिहून गोल चंद्राला सरावलेला असतो. पटकन लिहिताना आपण a वर चंद्रच काढतो. हाताने लिहिलेल्या पानावर शिक्षक कदाचित सोडून देतील, पण संगणकावर ही दोन वेगळी चिन्हं आहेत. ǎ आणि ă शेजारी ठेवून बघा. पहिलं पिनयिनचं, दुसरं नाही. चुकीचं चिन्ह टाइप झालं तर डोळ्याला फरक जाणवत नाही, पण कोशात शोधल्यावर शब्द सापडत नाही.

वर्डमध्ये पुढचे संकेत टाइप करून लगेच `Alt+X` दाबलं की बरोबर अक्षर उमटतं:

```
01CE  ǎ
011B  ě
01D0  ǐ
01D2  ǒ
01D4  ǔ
01DA  ǚ
```

चिनी कीबोर्डवर ü साठी `v` दाबतात, म्हणून `nv` टाइप केलं की nǚ साठीची चिनी अक्षरं समोर येतात. आणि ज्या वर्कशीटमध्ये खुणांऐवजी `mai3` असं छापलेलं असतं तिथे तो आकडा सुराचा असतो, शब्द तीनदा लिहायचा नसतो.

७. खूण नसणं हीसुद्धा माहिती आहे

काही सिलॅबल हलके असतात, त्यांना स्वतःचा सूर नसतो. māma मधला दुसरा ma, bàba मधला दुसरा ba. हे भराभर आणि हळू आवाजात म्हटले जातात, त्यांच्यावर खूण देत नाहीत. नवखे विद्यार्थी ही रिकामी जागा बघून ‘राहिलं वाटतं’ म्हणत पहिल्या सुराची आडवी रेघ देऊन टाकतात. तसं करू नका. dōngxi म्हणजे वस्तू, आणि dōngxī म्हणजे पूर्व-पश्चिम. yǎnjing म्हणजे डोळे, आणि yǎnjìng म्हणजे चष्मा.

अडचण अशी की रिकामी जागा मुद्दाम सोडली की विसरून, हे आठवड्याने आपल्यालाच आठवत नाही. म्हणून सिलॅबलच्या खाली आकडा लिहिताना हलक्या सिलॅबलखाली ० लिहा. मग रिकामी जागा म्हणजे फक्त विसरलेली जागा.

८. एक वाक्य पूर्ण सोडवून बघू

वर्कशीटवर असं वाक्य दिलं आहे: wo qu mai shuiguo. अर्थ: मी फळं विकत घ्यायला जाते. आवाज ऐकला, आणि शब्द ओळखीचे असल्यामुळे खाली त्यांच्या मूळ सुरांचे आकडे लिहिले: wo ३, qu ४, mai ३, shui ३, guo ३.

आता एकेक घेऊ. wo मध्ये w हा स्वर धरायचा नाही, उरला o: wǒ. qu मध्ये एकच स्वर, टिंब नाहीत: qù. mai मध्ये a: mǎi. shui मध्ये a, o, e कोणीच नाही, u आणि i जोडीने आहेत, म्हणून मागच्यावर, आणि i चा टिंब जातो: shuǐ. guo मध्ये o: guǒ. पूर्ण वाक्य: wǒ qù mǎi shuǐguǒ.

आता मोठ्याने वाचा, आणि मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. shuǐ वर तिसऱ्या सुराची खूण आहे, पण ऐकू येतो तो चढणारा सूर, अगदी दुसऱ्यासारखा. ही छपाईची चूक नाही. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला बोलताना दुसऱ्या सुरासारखा होतो. nǐ hǎo तुम्ही पहिल्या दिवशीच शिकला असाल, त्यातला nǐ देखील असाच चढतो. पण लिहिताना खूण बदलत नाही. खूण शब्दाची मूळ ओळख सांगते आणि बोलताना शेजाऱ्यामुळे होणारा बदल वाचणाऱ्याने स्वतः करायचा असतो. आपण ‘सज्जन’ लिहिताना ‘सत्+जन’ असं लिहीत नाही, तिथे बदल कागदावर दिसतो. पिनयिनमध्ये तो दिसत नाही, म्हणून चकवा बसतो. याच वाक्यात mǎi, shuǐ, guǒ असे तीन तिसरे सूर आहेत. सावकाश बोलणारा mǎi खालीच ठेवतो आणि फक्त shuǐ चढवतो, घाईत बोलणारा mǎi सुद्धा चढवतो. दोन्ही ऐकायला मिळतील.

‘ऐका आणि खूण द्या’ प्रकारच्या पानावर यामुळे खरी पंचाईत होते: कानाला ऐकू आलेला २ लिहायचा की मूळचा ३? शब्द ओळखीचा असेल तर मूळचा लिहा. अनोळखी शब्द असेल आणि पुढे तिसरा सूर असेल, तर जिथे २ ऐकू आला तिथे कोशात मूळ सूर बघून घ्या. हे कानाने सुटत नाही, कारण बोलताना दोन्ही सारखेच येतात.

दोन शब्दांना मात्र अपवाद मिळतो: bù (नाही) आणि yī (एक). चौथ्या सुरापुढे bù हा bú होतो, म्हणून दुकानदार बाईंचं bú yào. yī चौथ्यापुढे yí होतो, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यापुढे yì. लेखनाच्या अधिकृत नियमाप्रमाणे इथेही मूळ सूरच लिहायचा असतो आणि कोशात तसंच सापडतं. पण सुरुवातीची बरीच पाठ्यपुस्तकं विद्यार्थ्याच्या सोयीसाठी बदललेला सूर छापतात. तुमच्या पुस्तकात कुठली पद्धत आहे ते पहिल्या दोन धड्यांत बघून घ्या आणि वर्कशीट त्याच पद्धतीने सोडवा. एका पानावर दोन्ही मिसळलीत की तपासणाऱ्याला तुम्हाला नियम माहीत आहे की नाही हेच कळत नाही.

आता याच वाक्यात फक्त एक खूण बदला: wǒ qù mài shuǐguǒ. मी फळं विकायला जाते. बाकी सगळं तेच. ‘संदर्भाने कळेलच की’ असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते. घेणं आणि विकणं दोन्ही बाजारातच होतं, दोघांनाही फळं लागतात, दोघांनाही भाव लागतो. संदर्भ इथे काही मदत करत नाही. चिनी अक्षरांत हा फरक डोळ्याला दिसतो: 买 म्हणजे घेणं, आणि त्याच्या डोक्यावर छोटंसं 十 चढवलं की 卖, विकणं. पिनयिनमध्ये तेच काम ती एक रेघ करते.

सुराच्या खुणा गाळल्या की काय होतं त्याचं मोठं उदाहरण नकाशावर आहे. चीनमध्ये शेजारी-शेजारी दोन प्रांत आहेत, Shānxī आणि Shǎnxī. एकाची राजधानी ताइयुआन, दुसऱ्याची शिआन. नकाशांवर आणि बातम्यांत खुणा छापत नाहीत, त्यामुळे दोन्ही नावं एकसारखी झाली असती. म्हणून दुसऱ्याचं रोमन लेखन Shaanxi असं दोन a घालून करतात. खूण नसताना सूर दाखवायला एक अक्षर जास्त वापरावं लागलं.

९. मराठी बोलणाऱ्याच्या नेहमीच्या चुका

*प्रश्नाला शेवट चढवणं.* आपण ‘विकता का?’ विचारताना शेवट वर नेतो. चिनीत nǐ mài ma? विचारताना mài चढवलात तर तो mái होतो, आणि mái म्हणजे जमिनीत पुरणं. प्रश्न ma या शेवटच्या शब्दाने आधीच झालेला असतो, आवाजाने तो करायची गरज नसते. mài खालीच आपटा.

*ठामपणा दाखवायला क्रियापद आपटणं.* ‘मला हे घ्यायचंच आहे’ म्हणताना आपण ‘घ्यायचंच’वर जोर देतो आणि आवाज खाली येतो. माझी इवूतली चूक नेमकी हीच होती. mǎi चा सूर मला माहीत होता, पण आग्रह दाखवायच्या भरात तो चौथा झाला. जोर द्यायचा असेल तर सूर न बदलता शब्द थोडा लांबवा.

*पिनयिनखाली देवनागरी लिहिणं.* पहिल्या आठवड्यात सगळेच लिहितात, आणि ती मदत करते, हे मला मान्य आहे. पण ‘माई’ लिहिलं की mǎi आणि mài पुन्हा एक होतात. लिहायचंच असेल तर माई३, माई४ असं आकड्यासकट लिहा. आणि b ला ‘ब’ लिहू नका. bà चा उच्चार ‘पा’च्या जवळचा आणि pà चा ‘फा’च्या जवळचा, दोन्ही ओठ मिटून केलेला. प आणि फ हा भेद आपल्या तोंडात लहानपणापासून आहे, तो इथे कामाला येतो.

१०. दुसऱ्या दिवशी तपासा

वर्कशीट पूर्ण झाल्यावर लगेच उत्तरं जुळवू नका. पान मिटवून ठेवा. दुसऱ्या दिवशी आवाज बंद ठेवून, फक्त खुणांकडे बघून वाक्य वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग मूळ आवाज लावा आणि एकेक सिलॅबल थांबवत दोन्ही ऐका. जिथे खूण बरोबर आहे पण तुमचा आवाज वेगळा जातो, त्या सिलॅबलभोवती गोल काढा. कागदावर पूर्ण गुण मिळवणारं पान असे आठ-दहा गोल घेऊन परत येतं, आणि पुढच्या दिवशीचा सराव त्या गोलांपासून सुरू करायचा असतो. मी आजही mǎi आणि mài चं पान असंच ठेवलं आहे: डाव्या रकान्यात दहा वाक्यं घेण्याची, उजव्या रकान्यात तीच दहा विकण्याची. डावीकडचं एक वाचायचं, मग उजवीकडचं, आणि रेकॉर्डिंग चिनी येणाऱ्या कोणाला तरी पाठवून एवढंच विचारायचं की कुठल्या वाक्यात मी घेतेय आणि कुठल्यात विकतेय.